बेस टर्ट-ब्युटॉक्साइड, रेशो मात्र इथॉक्साइडचा: एका प्रोजेक्टमधल्या दोन फ्लास्कचं प्रकरण

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेली एक मुलगी जीसीचे दोन प्रिंट घेऊन माझ्याकडे आली, डिसेंबर होता, नाशिकची थंडी. म्हणाली, "ताई, दोन वेगळे बेस वापरले आणि दोन्हीकडे तेच आलंय, एकतर मशीन बिघडलंय नाहीतर पुस्तक." मशीन ठीक होतं आणि पुस्तकही, पण नक्की काय झालं होतं ते शोधायला दुपार गेली आणि त्या शोधात या विषयातल्या बऱ्याच गोष्टी वर आल्या ज्या आपण परीक्षेत दोन ओळींत लिहून मोकळे होतो. म्हणून सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहितेय.

तिचा सुरुवातीचा पदार्थ होता 2-ब्रोमो-2-मिथाइलब्युटेन, म्हणजे CH3CH2C(CH3)2Br. टर्शरी ब्रोमाइड. 2-मिथाइल-2-ब्युटेनॉल घ्यायचं, 48 टक्केवालं हायड्रोब्रोमिक ॲसिड घालून सेपरेटिंग फनेलमध्ये नीट हलवायचं, वरचा थर धुवायचा, सुकवायचा, डिस्टिल करायचा, झालं. यातून HBr काढून टाकला की दोन अल्कीन निघू शकतात. ब्रोमीनवाल्या कार्बनच्या एका बाजूला CH2 आहे, तिथला हायड्रोजन गेला तर 2-मिथाइल-2-ब्युटीन मिळतं, ज्याच्या डबल बाँडवर तीन अल्काइल गट आहेत. दुसऱ्या बाजूला दोन मिथाइल आहेत, त्यातल्या एखाद्याचा हायड्रोजन गेला तर 2-मिथाइल-1-ब्युटीन, तिथे डबल बाँडवर फक्त दोन गट. दरवेळी लांबलचक नावं लिहीत बसत नाही, पहिल्याला आतलं म्हणते आणि दुसऱ्याला टोकाचं.

1875 मध्ये कझानच्या अलेक्झांडर झाइत्सेवने (आपल्याकडच्या वर्गात सेट्झेफ म्हणतात तोच) जो नियम मांडला तो इथे आतल्याच्या बाजूने आहे, कारण ज्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन कमी तिथलाच हायड्रोजन जातो आणि जास्त गटांचं अल्कीन जास्त बनतं. इथॉक्साइड इथेनॉलमध्ये घेऊन 70 अंशाच्या आसपास रिॲक्शन केली की आतलं साधारण 70 टक्के आणि टोकाचं 30. तोच ब्रोमाइड, पण बेस पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड आणि सॉल्व्हंट टर्ट-ब्युटेनॉल असेल तर गाडी उलटी फिरते, टोकाचं साधारण 72 आणि आतलं 28. हे आकडे 1950 च्या दशकात पर्ड्यू युनिव्हर्सिटीत एच. सी. ब्राउन आणि मोरितानी यांनी काढले, हेच ते ब्राउन ज्यांना पुढे 1979 मध्ये बोरॉनच्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून ही जोडी जवळजवळ प्रत्येक ऑरगॅनिकच्या पुस्तकात दिसते. मुलीचा प्रोजेक्टही एवढाच होता की हा उलटा फिरलेला रेशो स्वतः करून दाखवायचा.

तिने केलं ते असं. दोन फ्लास्क. दोन्हींत ब्रोमाइड 3 ग्रॅम, म्हणजे 20 मिलिमोल. पहिल्या फ्लास्कमध्ये सुक्या इथेनॉलमध्ये सोडियम विरघळवून केलेलं इथॉक्साइड, 30 मिलिमोल. दुसऱ्यात पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड 3.4 ग्रॅम, तेही 30 मिलिमोल. सॉल्व्हंट प्रत्येकी 30 मिली. वर छोटा फ्रॅक्शनेटिंग कॉलम, बाहेर येणारं अल्कीन बर्फ-मिठात ठेवलेल्या रिसीव्हरमध्ये. दोन्हीकडे पांढरा गाळ पडला, एकीकडे सोडियम ब्रोमाइड, दुसरीकडे पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे रिॲक्शन झाली होती यात शंका नाही. शंभर टक्के मिळालं तर 1.4 ग्रॅम अल्कीन मिळायला हवं, तिला दोन्हीकडे निम्म्याहून थोडं जास्त मिळालं होतं, जे इतक्या उडून जाणाऱ्या पदार्थाला वाईट नाही. आणि जीसीवर दोन्ही प्रिंट सारखे, सत्तर-तीसच्या आसपास, मोठा तो आतल्याचा.

पहिला संशय तिचा स्वतःचाच होता की पीक उलटे ओळखले असतील. पण मग पहिला फ्लास्कही चुकायला हवा होता, आणि तो तर पुस्तकाप्रमाणे आला होता. तरी खात्री केली. टोकाचं अल्कीन 31 अंशाला उकळतं, आतलं साधारण 38 ला, त्यामुळे साध्या नॉनपोलर कॉलमवर टोकाचं आधी बाहेर येतं. दोन्हींचं सूत्र एकच, C5H10, म्हणून फ्लेम डिटेक्टरवर दोघांचा प्रतिसाद जवळजवळ सारखाच असतो आणि क्षेत्रफळाची टक्केवारी सरळ रेशो म्हणून वाचली तर चालतं. इथे काही गडबड नव्हती.

दुसरा संशय म्हणजे आधी टोकाचंच जास्त बनलं पण नंतर ते आतल्यात बदललं. असं खरंच घडू शकतं, आणि बरेचदा कोणाच्या लक्षात येत नाही. ॲसिडचा अंश जरी राहिला तरी टोकाचं अल्कीन प्रोटॉन घेतं, टर्शरी कार्बोकॅटायन बनतं आणि प्रोटॉन सोडताना ते आतल्याकडे जातं. म्हणून या अल्कीनला ॲसिडने धुवायचं नाही, थंड पाण्याने दोनदा धुतलं की सोबत आलेला अल्कोहोल निघून जातो, मग निर्जल सोडियम सल्फेट, पुरे. पण इथे तसं झालं नव्हतं हे रेशोवरूनच कळतं, कारण हे दोन अल्कीन एकमेकांत बदलत बदलत समतोलाला पोचले तर आतलं नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. हायड्रोजनेशनच्या उष्णतेत दोघांमध्ये साधारण 6 ते 7 किलोज्यूल प्रति मोलचा फरक आहे, तेवढा फरक समतोल इतका झुकवायला पुरतो. तिचा आकडा सत्तर होता, नव्वद नाही.

इथे एक आडवाट घेते कारण बहुतेकांचा घोळ इथेच असतो. "आतलं जास्त स्थिर म्हणून जास्त बनतं" असं लिहिलं की मार्क मिळतात, पण तेवढंच खरं असतं तर इथॉक्साइडलाही नव्वद-दहा यायला हवं होतं. येतं सत्तर-तीस. कारण बेसिक माध्यमात एकदा अल्कीन बनलं की ते मागे फिरत नाही, त्यामुळे कोण किती स्थिर यापेक्षा कोण किती लवकर बनतं यावर रेशो ठरतो. बेस हायड्रोजन ओढतोय, ब्रोमीन निघतोय आणि मधे डबल बाँड अर्धवट तयार झालाय, त्या क्षणी अल्काइल गटांचा आधार मिळायला सुरुवात झालेली असते पण पूर्ण मिळालेला नसतो. सत्तर-तीसचं गणित केलं तर दोन वाटांच्या चढात फरक निघतो जेमतेम 2.4 किलोज्यूल, म्हणजे तयार अल्कीनमधल्या फरकाच्या निम्म्याहूनही कमी. टर्ट-ब्युटॉक्साइडने उलटा झालेला रेशो घेतला तर टोकाच्या बाजूने 2.8. म्हणजे सगळा खेळ पाचेक किलोज्यूलचा आहे, एक बऱ्यापैकी हायड्रोजन बाँड तोडायला याच्या कितीतरी पट लागतं. इतक्या छोट्या फरकावर चालणाऱ्या गोष्टीला फ्लास्कमधली छोटीशी चूकही उलटवू शकते, हे डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं कळेल.

तिसरा संशय माझा, बाटलीवर. टर्ट-ब्युटॉक्साइडची बाटली पावसाळ्यात चार जणांनी उघडली की आत काय उरतं देव जाणे. हवेतलं पाणी खाऊन ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि टर्ट-ब्युटेनॉल होतं, मग कार्बन डायऑक्साइड खाऊन कार्बोनेट. आणि हायड्रॉक्साइड हा छोटा बेस, तो इथॉक्साइडसारखाच वागणार. मुलीने सांगितलं की तिने ॲसिडने टायट्रेशन करून पाहिलं होतं, 97 टक्के आलं. पण ते टायट्रेशन या कामाला फार उपयोगाचं नाही, एक मोल टर्ट-ब्युटॉक्साइड पाण्याने मेला तर त्याच्या जागी एक मोल हायड्रॉक्साइडच येतो आणि ॲसिडला दोघं सारखेच. त्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे थोडी पावडर सुक्या टीएचएफमध्ये टाकून बघायची, चांगलं टर्ट-ब्युटॉक्साइड विरघळतं, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट विरघळत नाहीत, खाली गढूळ बसतात. आम्ही टाकून बघितलं. जवळजवळ स्वच्छ. बाटली निर्दोष.

मग मी तिला वही उघडायला लावली आणि दुसऱ्या फ्लास्कची नोंद वाचायला सांगितली. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड 3.4 ग्रॅम, ॲब्सोल्यूट इथेनॉल 30 मिली...

तिथेच थांबवलं. इथेनॉल का? तर टर्ट-ब्युटेनॉलची बाटली दगड झाली होती. शुद्ध टर्ट-ब्युटेनॉल 25 अंशाला गोठतं आणि डिसेंबरात आमची लॅब सकाळी अठराच्या वर जात नाही. ती म्हणाली बाटलीतून काही निघेना, आणि बेस तर तोच आहे, सॉल्व्हंट फक्त विरघळवायला, तसंही इथेनॉल आणि ब्युटेनॉल दोन्ही अल्कोहोलच. पहिल्या फ्लास्कसाठी सुकं इथेनॉल तयार होतंच, तेच ओतलं.

आता हिशोब करा. 30 मिली इथेनॉल म्हणजे साधारण 24 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या मोलपेक्षा किंचित जास्त. बेस 30 मिलिमोल. म्हणजे प्रत्येक टर्ट-ब्युटॉक्साइडभोवती सतरा इथेनॉल. इथेनॉलचा पीकेए साधारण 16, टर्ट-ब्युटेनॉलचा त्याहून एक-दोनने जास्त, म्हणजे इथेनॉल हे जास्त चांगलं ॲसिड आणि टर्ट-ब्युटॉक्साइड त्याचा प्रोटॉन ताबडतोब काढून घेणार. ऑक्सिजनवरून ऑक्सिजनवर प्रोटॉन जायला काहीच वेळ लागत नाही, ब्रोमाइड घालायच्या आधीच हे संपलेलं असतं. पीकेएमधला फरक आणि इथेनॉलची गर्दी दोन्ही एकत्र धरलं तर ढोबळमानाने हजारात एखादाच टर्ट-ब्युटॉक्साइड उरतो. म्हणजे तिच्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये होतं ते पोटॅशियम इथॉक्साइड, सोबत थोडं टर्ट-ब्युटेनॉल. तिने एकच प्रयोग दोनदा केला होता, एकदा सोडियम घालून आणि एकदा पोटॅशियम, आणि दोन्ही वेळा बरोबर उत्तर आलं होतं. मशीन आणि पुस्तक दोघांनाही उगाच शिव्या.

अल्कॉक्साइड बेसचा सॉल्व्हंट त्याच्याच अल्कोहोलचा घ्यायचा हे म्हणून पाळतात. इथॉक्साइड इथेनॉलमध्ये, टर्ट-ब्युटॉक्साइड टर्ट-ब्युटेनॉलमध्ये, नाहीतर मग टीएचएफसारखा प्रोटॉन न देणारा सॉल्व्हंट. प्रश्नपत्रिकेत बाणावर नुसतं "टर्ट-ब्युटॉक्साइड" लिहितात आणि खालचा सॉल्व्हंट कोणी बघत नाही, पण मोठा बेस मोठा राहणार की नाही ते तोच ठरवतो.

दुसऱ्या दिवशी परत केलं. बाटली कोमट पाण्यात, 35-40 अंशाच्या, उभी ठेवली, अर्ध्या तासात वितळली. आमच्याकडे ते कॅल्शियम हायड्राइडवर सुकवून डिस्टिल करतात, आणि त्यात एक गंमत आहे जी पहिल्यांदा करणाऱ्याला कोणी सांगत नाही, कंडेन्सरला हिवाळ्यातलं थंड पाणी जोरात सोडलं तर टर्ट-ब्युटेनॉल कंडेन्सरमध्येच गोठतं, नळी बंद, आणि खाली गरम फ्लास्क. बंद सिस्टिम तापवणं किती धोक्याचं ते सांगायला नको. पाणी अगदी हळू किंवा कोमट ठेवायचं.

बाकी सगळं तेच ठेवलं, मोल तेच, बाथ 75 च्या आसपास. ब्रोमाइड बेसमध्ये हळूहळू घातला, उलटं नाही. त्याचंही कारण आहे, टर्शरी ब्रोमाइड गरम अल्कोहोलमध्ये नुसता जरी बसला तरी स्वतःहून आयनाइझ होतो, ब्रोमीन आधी निघतो आणि कार्बोकॅटायन उरतं. त्या वाटेने गेलेला माल एकतर ईथर होतो नाहीतर अल्कीन, आणि ते अल्कीन बहुतेक आतलं असतं, कारण त्या वाटेवर प्रोटॉन उचलायला मोठ्या बेसची गरज नसते, आजूबाजूचं सॉल्व्हंटही ते काम करतं. म्हणजे बेस पातळ किंवा कमी पडला की रेशो गुपचूप झाइत्सेवकडे सरकतो. टर्ट-ब्युटेनॉलमध्ये हे इथेनॉलपेक्षा कमी होतं, तरी बेस भरपूर आणि आधीपासून हजर असलेला बरा.

यावेळी जीसीवर छोटा-मोठा पीक उलटा. टोकाचं सत्तरच्या थोडं वर.

मग तिने हौसेने एनएमआरही काढला आणि पुन्हा धावत आली, "ताई, यात तर टोकाचं 83 टक्के दिसतंय!" बघितलं तर टोकाच्या अल्कीनचे दोन हायड्रोजन 4.7 पीपीएमच्या आसपास येतात आणि आतल्याचा एकच, 5.2 च्या आसपास. तिने दोन्ही सिग्नलची क्षेत्रफळं थेट भागली होती, पाचाला एक. टोकाच्याचं आधी निम्मं करायचं, कारण तिथे रेणूमागे दोन हायड्रोजन आहेत. निम्मं केल्यावर अडीचाला एक, म्हणजे 72 च्या आसपास, जीसीशी जुळलं.

रेशो चुकवणारी अजून एक गोष्ट हिवाळ्यामुळे तिला भोवली नाही. टोकाचं अल्कीन 31 ला उकळतं. हाच प्रयोग एप्रिलमध्ये जळगावला केला तर टेबलावर उघड्या टेस्ट ट्यूबमध्ये ते उकळूनच जाईल, आणि ते आतल्यापेक्षा लवकर उडणार, म्हणजे उरलेल्या मालात आतलं फुगलेलं दिसणार. सँपल बर्फात, बूच घट्ट, सिरिंज थंड, आणि जीसीला लगेच. डिस्टिल करतानाही पहिलाच भाग घेऊन जीसीला दिला तर टोकाचं जास्त दिसेल, त्यामुळे सगळा माल एकत्र करून मगच सँपल काढायचं.

आता मुख्य प्रश्न, मोठा बेस नक्की करतो काय. उत्तर सगळ्यांना पाठ आहे की आतला हायड्रोजन अडचणीत आहे, मोठ्या बेसला तिथे पोचता येत नाही, म्हणून तो टोकाचा घेतो. चूक नाही. एलिमिनेशनच्या या एकटप्पी प्रकारात निघणारा हायड्रोजन आणि ब्रोमीन एकमेकांच्या विरुद्ध बाजूला, एका पातळीत यावे लागतात, आणि CH2 वरचा हायड्रोजन तसा येतो तेव्हा त्याच कार्बनवरचं मिथाइल आणि पलीकडच्या टर्शरी कार्बनवरची मिथाइलं बेसच्या वाटेत असतात. इथॉक्साइडचा ऑक्सिजन एका बारीक CH2 वर आहे, तो वाट काढतो. टर्ट-ब्युटॉक्साइडचा ऑक्सिजन तीन मिथाइलच्या छत्रीखाली आहे, त्याला सगळी छत्री आत न्यावी लागते. टोकाच्या मिथाइलचे हायड्रोजन बाहेर मोकळे, तिथे छत्री आडवी येत नाही.

पण तिला मी एक छोटा भागाकार करायला लावला आणि तो तुम्हीही करून बघा. आतलं अल्कीन देऊ शकतील असे हायड्रोजन दोन, CH2 चे. टोकाचं देऊ शकतील असे सहा, दोन मिथाइलचे. म्हणजे बेसला काहीच आवडनिवड नसती, समोर येईल तो उचलला असता, तर टोकाचं 75 टक्के आलं असतं! आता इथॉक्साइड बघा, 70 भागिले दोन म्हणजे 35, आणि 30 भागिले सहा म्हणजे 5. आतला एक हायड्रोजन टोकाच्या एकाच्या सातपट लवकर जातो. ही झाइत्सेवची खरी ताकद, सत्तर-तीस बघून ती कमीच वाटते. टर्ट-ब्युटॉक्साइडला 27.5 भागिले दोन म्हणजे पावणेचौदा, 72.5 भागिले सहा म्हणजे बारा. जवळजवळ बरोबरी, आतला अजूनही किंचित पुढे.

म्हणजे टर्ट-ब्युटॉक्साइडने आतल्या हायड्रोजनची सातपटीची आघाडी जवळजवळ शून्यावर आणली, एवढंच. टोकाच्याला त्याने काही विशेष पसंती दिली नाही, बरोबरी झाल्यावर सहा विरुद्ध दोन ही संख्याच जिंकली. एखाद्या प्रभागात मातब्बर उमेदवाराचा प्रभाव संपला की नुसत्या घरांच्या संख्येवर निकाल लागतो तसं. मला स्वतःला हे पुस्तकातल्या "बल्की बेस प्रिफर्स" या वाक्यापेक्षा जास्त पटतं, आणि त्या वाक्याने मुलांच्या डोक्यात जे चित्र बसतं ते निदान या उदाहरणापुरतं तरी अर्धवट आहे.

खरीखुरी उलटी पसंती बघायची तर अजून मोठा बेस लागतो. ब्राउनच्या लोकांनी तेही केलं, टर्ट-ब्युटॉक्साइडमधल्या तीन मिथाइलच्या जागी तीन इथाइल असलेला अल्कॉक्साइड, म्हणजे 3-इथाइल-3-पेंटेनॉलचा, घेतला. त्याच ब्रोमाइडवर टोकाचं साधारण 89 टक्के. भागाकार केला तर आतल्याचे साडेपाच, टोकाच्याचे जवळजवळ पंधरा. इथे मात्र एकेक हायड्रोजन धरूनही टोकाचा पुढे आहे, 75 च्या वर गेलेला आकडा नुसत्या संख्येने येत नाही.

हा आकडा अजून एका भांडणात कामाला येतो. इथॉक्साइडवरून टर्ट-ब्युटॉक्साइडवर जाताना आपण फक्त आकार बदलत नाही, बेसची ताकदही वाढते आणि सॉल्व्हंटही बदलतो, मग रेशो आकारामुळेच फिरला हे कशावरून? हा आक्षेप त्या काळात गंभीरपणे घेतला गेला होता, इन्गोल्डच्या बाजूचे लोक इलेक्ट्रॉनिक कारणांवर भर देत होते. आणि आक्षेप फुकटचा नाही. निघणारा गट बदलला तर छोट्या बेसनेही रेशो फिरतो, 2-हॅलोहेक्झेन मेथॉक्साइडने घेतलं तर आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड तिन्हींना आतलं जास्त पण फ्लुओराइडला टोकाचं साधारण 70 टक्के, आणि फ्लुओरीन काही आयोडीनपेक्षा मोठा नाही. फ्लुओराइड निघायला नाखूश, त्यामुळे हायड्रोजन बराच आधी ओढला जातो, डबल बाँड तयार व्हायच्या आधी, मग अल्काइल गटांचा आधार मिळत नाही आणि ज्याचा हायड्रोजन जास्त ॲसिडिक तो जिंकतो. म्हणजे आकाराशिवायही दुसरी कारणं आहेतच. पण टर्ट-ब्युटॉक्साइड आणि त्याचा तीन इथाइलवाला भाऊ, दोघंही टर्शरी अल्कॉक्साइड, ताकदीत फार फरक असायचं कारण नाही, मुख्य फरक घेराचा, आणि तरी टोकाचं 72 वरून 89 वर गेलं. निदान ती शेवटची उडी आकाराच्या खात्यावर टाकायला मला अडचण वाटत नाही. पहिल्या उडीत थोडं मिश्रण असू शकतं.

आणि मोठा बेस म्हणजे टोकाचं अल्कीन हे समीकरण सगळीकडे लावू नका. 2-ब्रोमोब्युटेन घ्या, सेकंडरी. इथॉक्साइडने आतलं 81, टोकाचं 19. टर्ट-ब्युटॉक्साइडने टोकाचं जातं फक्त 53 च्या आसपास, जेमतेम निम्म्यावर. त्या रेणूत आतल्या बाजूला गर्दी कमी, कारण ब्रोमीनवाल्या कार्बनवर एकच मिथाइल, आणि टोकाच्या बाजूला हायड्रोजनही सहाऐवजी तीनच. उलट 2-ब्रोमो-2,3-डायमिथाइलब्युटेन घेतलं, जिथे आतला हायड्रोजन एकच आहे आणि तोही दोन मिथाइलच्या मधे, तर इथॉक्साइडलाही आतलं 79 येतं पण टर्ट-ब्युटॉक्साइडला 27 आणि तीन इथाइलवाल्याला 8. उडी किती मोठी लागेल ते बेस आणि सबस्ट्रेट दोघांची गर्दी मिळून ठरवते.

मुलीने प्रोजेक्टमध्ये तिन्ही फ्लास्क लिहिले, इथेनॉलमधल्या टर्ट-ब्युटॉक्साइडसकट. तिच्या गाइड मॅडम म्हणत होत्या तो काढून टाक, "फसलेलं कशाला दाखवायचं", पण मी म्हटलं ठेव, तिसऱ्या फ्लास्कशेजारी तो बसला की वाचणाऱ्याला कळतं की बाटलीतल्या टर्ट-ब्युटॉक्साइडने एकट्याने रेशो फिरवला नाही, योग्य सॉल्व्हंट मिळाल्यावर फिरवला. मॅडम तयार झाल्या.

आता तिला पुढे 2-ब्रोमोब्युटेन करायचं होतं. नको म्हटलं, ती ब्युटीन सगळी शून्याच्या आगेमागे उकळतात, गॅस गोळा करायची सोय आमच्याकडे नाही. त्याऐवजी 2-ब्रोमोपेंटेन घे म्हटलं, 1-पेंटीन 30 ला, 2-पेंटीनचे सिस आणि ट्रान्स दोन्ही 36-37 ला, इथॉक्साइडला टोकाचं तीस टक्क्यांच्या आसपास आणि टर्ट-ब्युटॉक्साइडला दोन तृतीयांश अपेक्षित आहे. जीसीवर तीन पीक येतील, सिस आणि ट्रान्स आमच्या छोट्या कॉलमवर एकमेकांना चिकटतील, पण तिला आतल्याची फक्त बेरीज हवी आहे, तेव्हा चिकटले तरी हरकत नाही. बाटली यावेळी तिने आदल्या रात्रीच पाण्यात उभी करून ठेवली, पाणी सकाळपर्यंत गार झालं आणि ती परत गोठली.